विक्री मंदावलेल्या ऑनलाइन दुकानाचे जुने लेख: काय ठेवावे, काय सुधारावे आणि काय काढावे (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

विक्री मंदावली आहे. जुने लेख तपासल्याने नेमके काय साध्य होईल?

दुकानाच्या संकेतस्थळावर काही वर्षांत शेकडो लेख साठतात. त्यांतले काही ग्राहकाला योग्य वस्तूपर्यंत पोहोचवतात. काही त्याला विक्रीतून गेलेल्या वस्तूच्या पानावर नेऊन सोडतात, तर काही चुकीचा सल्ला देतात आणि त्या सल्ल्यावर विसंबून घेतलेली वस्तू परत येते. तपासणीचा उपयोग या तिन्हींची वर्गवारी करण्यासाठी आहे. पहिल्या प्रकारचे लेख जपायचे, दुसऱ्या प्रकारातील लेखांना पुढची वाट द्यायची आणि तिसऱ्या प्रकारातील लेख दुरुस्त करायचे किंवा काढून टाकायचे.

या तपासणीतून काय होणार नाही हेही आधीच स्पष्ट असावे. जुने लेख काढल्याने संकेतस्थळ वेगाने उघडू लागत नाही, कारण पान उघडायला लागणारा वेळ त्या पानावरील चित्रे, स्क्रिप्ट आणि सर्व्हर यांवर अवलंबून असतो. शेजारी किती लेख आहेत यावर नाही. केवळ जुने लेख हटवून संकेतस्थळ ताजे दिसेल आणि शोधात वर येईल ही समजूतही खरी नाही. गुगलने स्वतःच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये तसे स्पष्ट लिहिले आहे. शोधयंत्राचा वेळ वाचवण्यासाठी लेख कमी करावेत, असाही सल्ला अनेकदा मिळतो. गुगलच्या म्हणण्यानुसार ही चिंता दहा लाखांहून अधिक पाने असलेल्या, किंवा दहा हजारांहून अधिक पाने असून ती रोज बदलणाऱ्या संकेतस्थळांनी करावी. दीडशे-दोनशे लेखांच्या दुकानाला त्याची फिकीर करण्याचे कारण नाही.

तपासणीला बसण्यापूर्वी कोणती माहिती हाताशी असावी?

सर्व लेखांचे पत्ते एका तक्त्यात आणावेत. साइटमॅपमधील, म्हणजे संकेतस्थळ शोधयंत्राला देते त्या पत्त्यांच्या फाइलमधील, यादी पुरेशी असतेच असे नाही, कारण जुन्या रचनेतील काही पाने साइटमॅपमधून गळालेली असतात आणि तरीही शोधात दिसत असतात. म्हणून ती यादी सर्च कन्सोल या, संकेतस्थळाची शोधातील कामगिरी दाखवणाऱ्या गुगलच्या साधनातील पानांच्या यादीशी आणि दुकानाच्या प्रणालीतील प्रकाशित लेखांच्या यादीशी जुळवून पाहावी.

प्रत्येक पत्त्यासमोर शोधात तो किती वेळा दिसला, त्यावर किती क्लिक झाले, त्या लेखावरून दुकानात शिरलेल्यांपैकी कोणी वस्तू घेतली का, बाहेरील संकेतस्थळांवरून त्याला लिंक आहे का आणि लेखातील वस्तू आज विक्रीला आहे का, एवढे नोंदवावे. सर्च कन्सोल मागील १६ महिन्यांची आकडेवारी देते. त्यातील किमान पूर्ण १२ महिने घ्यावेत, कारण ऋतूनुसार विकल्या जाणाऱ्या वस्तूंचे लेख तीन महिन्यांच्या आकडेवारीत मृत वाटतात आणि हंगामात पुन्हा जागे होतात. पडद्यावरून उतरवून घेतलेल्या तक्त्यात १,००० ओळींची मर्यादा असते, हेही ध्यानात ठेवावे. एखादे पान यादीत दिसले नाही म्हणजे ते शून्यावर आहे असे समजू नये, त्याचा पत्ता गाळणीत टाकून स्वतंत्रपणे पाहावे.

या तक्त्यात एक स्तंभ आणखी असावा, जो बहुतेक ठिकाणी नसतो: ग्राहकांच्या चौकशीला उत्तर देणारे सहकारी हा लेख कोणाला पाठवतात का. शोधातून महिन्याला चारच लोक येणारा लेख रोजच्या पत्रव्यवहारात कामी येत असेल, तर कोणत्याही आकडेवारीत त्याचे मोल दिसणार नाही.

किती कमी वाचक असले म्हणजे लेख काढावा?

असा ठरावीक आकडा नाही, आणि आकडा ठरवून त्याखालचे सर्व लेख एका झटक्यात काढणे हीच या कामातली सर्वांत महागात पडणारी चूक आहे. कमी क्लिक येण्याची कारणे वेगवेगळी असतात आणि प्रत्येकावरचा उपाय निराळा असतो.

लेख शोधात हजारो वेळा दिसतो पण क्लिक नगण्य आहेत, तर लोक तो प्रश्न विचारत आहेत हे सिद्ध होते. एक तर लेख फार खाली दिसतो, नाहीतर त्याचे शीर्षक प्रश्नाशी जुळत नाही. असा लेख सुधारण्याच्या यादीत सर्वांत वर असावा. लेख फारसा दिसतच नाही, तर आधी तो शोधयंत्राच्या नोंदीत आहे का ते सर्च कन्सोलमधील पत्ता-तपासणीतून पाहावे. कधी कधी जुन्या साच्यातून राहून गेलेली `noindex` ही, शोधयंत्राला पान नोंदवू नका असे सांगणारी सूचना चांगल्या लेखाला वर्षानुवर्षे अदृश्य ठेवते. नोंदीत आहे, वर्षभर दिसत नाही, कोणी पाठवत नाही, बाहेरून लिंक नाही आणि विषयही दुकानाच्या कक्षेबाहेरचा आहे, असे सर्व एकत्र आले तरच काढण्याचा विचार करावा. सहा महिन्यांपेक्षा नवे लेख या तपासणीतून वगळलेले बरे.

निर्णय कोणत्या क्रमाने घ्यावा?

आकड्यांच्या आधी लेख वाचावा. पहिला प्रश्न असा असावा की लेखात लिहिलेले आज खरे आहे का. उदाहरणासाठी सायकलचे सुटे भाग विकणारे एक दुकान घेऊ. त्याच्या जुन्या लेखात लिहिले आहे की साखळी ०.७५ टक्के ताणली गेली की बदलावी. आठ ते दहा गिअरच्या साखळीसाठी हे मोजमाप चालते. पण अकरा किंवा बारा गिअरची अरुंद साखळी साधारण ०.५ टक्क्यालाच बदलावी लागते, नाहीतर मागच्या दातेरी चकत्या झिजतात आणि त्या साखळीपेक्षा कितीतरी महाग असतात. लेख प्रकाशित झाला तेव्हा दुकानात बारा गिअरचे सामान नसेलही, परंतु आज वाचणारा ग्राहक त्याच सल्ल्यावर चालणार आहे. ज्या लेखावर गर्दी आहे आणि ज्यातील मजकूर चुकीचा आहे, तो सर्वांत आधी हाती घ्यावा; एखादा दिवसही त्याला तसाच ठेवू नये.

मजकूर खरा असेल, तर पुढे पाहावे की तो प्रश्न आपल्या ग्राहकाचा आहे का. स्पर्धेच्या निकालाची बातमी खरी असते आणि तिच्यावर वाचकही येतात, पण ते वाचक सुटे भाग शोधत नसतात. अशा लेखाने काही बिघडत नाही. तो तसाच राहू द्यावा आणि त्यावर वेळ घालवू नये. त्यानंतर पाहावे की याच प्रश्नाचे उत्तर आपल्याच दुसऱ्या लेखात आहे का. असेल तर दोन्ही एकत्र करण्याचा विचार करावा. आकडे सर्वांत शेवटी पाहावेत, आणि तेही कोणते काम आधी करायचे हे ठरवण्यासाठी.

एकाच विषयावरील दोन-तीन लेखांचे काय करावे? एखादे उदाहरण सविस्तर सांगता येईल का?

वरच्याच दुकानात टायरविषयी तीन जुने लेख आहेत असे समजू. पहिला ‘सायकलच्या टायरचा आकार कसा ओळखावा’, दुसरा ‘७०० सी आणि २९ इंच यांत फरक काय’ आणि तिसरा एका संपलेल्या सवलतीची घोषणा.

सर्च कन्सोलमध्ये ‘टायरचा आकार’ हा शोध निवडून त्याखाली पानांची यादी उघडली की पहिला आणि दुसरा असे दोन्ही लेख दिसतात. तारखांनुसार पाहिले तर काही आठवडे एक वर असतो, काही आठवडे दुसरा, आणि दोघेही शोधनिकालांच्या दुसऱ्या पानाच्या आसपास घुटमळतात. हे परस्परस्पर्धेचे लक्षण आहे, पण एवढ्यावरून निष्कर्ष काढू नये. दोन्ही लेखांकडे येणारे सर्व शोध शेजारी मांडून पाहावेत. बहुतेक शोध समान असतील तर लेख एकत्र करावेत. दुसऱ्या लेखाकडे स्वतःचे असे वेगळे शोध भरपूर येत असतील तर तो स्वतंत्र ठेवून फक्त दोघांत लिंक द्यावी. आपल्या उदाहरणात शोध बहुतांशी समान आहेत.

आता मजकूर वाचावा. पहिल्या लेखात म्हटले आहे की २६ इंचाचा टायर २६ इंचाच्या रिमला बसतो. हे वाक्य ग्राहकाला फसवते. बाजूवर २६ × १.७५ असे छापलेल्या टायरचा रिमवर बसणारा व्यास ५५९ मिलिमीटर असतो, तर २६ × १ ३/८ असे छापलेल्याचा ५९० मिलिमीटर. दोघांनाही २६ इंचच म्हणतात, पण एक दुसऱ्याच्या जागी बसत नाही. उलट ७०० सी आणि २९ इंच ही दोन नावे वेगळी असूनही व्यास दोघांचा ६२२ मिलिमीटर आहे. म्हणजे खात्रीचा आकडा इंचाचा नसून टायरच्या बाजूवर ३७-६२२ अशा रूपात छापलेला असतो. त्यात पहिला आकडा टायरची रुंदी आणि दुसरा रिमवर बसणारा व्यास मिलिमीटरमध्ये सांगतो. आकार चुकला म्हणून परत आलेल्या टायरांच्या नोंदी काढल्या तर ५५९ आणि ५९० यांची अदलाबदल तिथे सापडण्याची दाट शक्यता आहे, आणि तशी ती सापडली तर लेखाने दुकानाचे प्रत्यक्ष नुकसान केले आहे याचा तो पुरावा ठरतो.

निर्णय असा होतो. पहिल्या लेखाचा पत्ता कायम ठेवायचा, कारण त्याचा विषय व्यापक आहे आणि जास्त शोधांत तोच दिसतो. त्यातील चुकीचे वाक्य काढून टायरच्या बाजूवरील आकडा कुठे असतो याचे छायाचित्र, व्यासांचा छोटा तक्ता आणि रुंदी निवडताना रिमची आतील रुंदी व फ्रेममधील जागा का पाहावी याचा एक परिच्छेद घालायचा. तक्त्यातील प्रत्येक व्यासासमोर त्याच व्यासाच्या टायर व ट्यूबच्या विभागाची लिंक द्यायची. वाचक ज्या क्षणी आपला आकडा ओळखतो, त्याच क्षणी त्याला वस्तू समोर दिसली पाहिजे. दुसऱ्या लेखातील ७०० सी आणि २९ इंचाचे स्पष्टीकरण हा पहिल्या लेखाचा एक उपविभाग करायचा आणि जुना पत्ता कायमस्वरूपी रिडायरेक्टने पहिल्याकडे वळवायचा. दुसऱ्या लेखाला एखाद्या सायकल मंडळाच्या संकेतस्थळावरून लिंक असेल, तर ती वाया न जाता नव्या ठिकाणी उपयोगी पडते. तिसरा लेख, म्हणजे संपलेली सवलत, काढून टाकायचा.

‘काढणे’ म्हणजे तांत्रिकदृष्ट्या नेमके काय करायचे?

त्याच प्रश्नाचे उत्तर देणारे दुसरे पान असेल तर ३०१ हा कायमस्वरूपी रिडायरेक्ट द्यावा. तसे पान नसेल तर पान खरोखर संपवावे आणि सर्व्हरने ४०४ किंवा ४१०, म्हणजे हे पान आता नाही, असे उत्तर द्यावे. गुगलच्या दृष्टीने या दोहोंत व्यवहारात फारसा फरक नाही. अपाचे सर्व्हरवर वरच्या उदाहरणासाठी असे लिहिता येईल:

```
RedirectMatch 301 ^/lekh/700c-29/?$ /lekh/tyre-size/
RedirectMatch 410 ^/lekh/tyre-offer/?$
```

येथे `RedirectMatch` मुद्दाम वापरले आहे. साधे `Redirect` दिलेल्या मार्गाने सुरू होणाऱ्या त्याखालच्या सर्व पत्त्यांनाही लागू होते, आणि त्यामुळे वळवायची नसलेली पानेही वळतात. तयार दुकान-सेवा वापरणाऱ्यांना हे हाताने लिहावे लागत नाही. त्यांच्या व्यवस्थापन-पटलात पत्ते वळवण्याची सोय असते.

काढलेले सर्व लेख मुख्य पानाकडे वळवण्याचा मोह टाळावा. टायरची माहिती मागणारा वाचक दुकानाच्या दर्शनी पानावर उतरला तर तो लगेच परत जातो, आणि गुगलही असे असंबद्ध वळण पान सापडत नसल्यासारखेच धरते. त्याला सॉफ्ट ४०४ म्हणतात. ग्राहकांना पाठवण्यासाठी लागणारा पण शोधात नको असलेला लेख असेल, तर त्यावर `noindex` लावावे. अशा पानाला `robots.txt` मध्ये, म्हणजे शोधयंत्राने कोणती पाने वाचू नयेत हे सांगणाऱ्या फाइलमध्ये, अडवू नये, कारण अडवलेले पान शोधयंत्र वाचत नाही आणि त्यामुळे त्यावरील `noindex` त्याला दिसतच नाही. सर्च कन्सोलमधील पान हटवण्याची सोय सुमारे सहा महिन्यांपुरती असते. घाईच्या प्रसंगी ती उपयोगी आहे. कायमचा उपाय म्हणून नाही.

लेखातील वस्तू आता मिळत नसेल तर?

वस्तू पुन्हा येणार असेल तर लेख ठेवावा आणि वर तसे लिहावे. कायमची गेली असेल आणि तिच्या जागी दुसरी आली असेल, तर दोघींतील फरक सांगणारा परिच्छेद लेखाच्या सुरुवातीला घालावा, कारण जुन्या वस्तूचे नाव शोधत येणारा माणूस बहुधा पर्यायच शोधत असतो. जुन्या वस्तूची जोडणी, देखभाल किंवा सुरक्षितता सांगणारे लेख मात्र विक्री थांबली तरी काढू नयेत. ज्यांनी ती वस्तू आपल्याकडूनच घेतली आहे त्यांना त्या माहितीची गरज वस्तू टिकेपर्यंत असते.

फक्त तारीख बदलून लेख ताजा दाखवावा का?

नाही. मजकुरात अर्थपूर्ण बदल केला असेल तरच सुधारणेची तारीख द्यावी. काय बदलले हे एका ओळीत सांगितले तर अधिक चांगले; ‘व्यासांचा तक्ता जोडला, २६ इंचाविषयीची चूक दुरुस्त केली’ असे वाचून ग्राहकाला विश्वास वाटतो.

काढण्यापूर्वी कोणती खबरदारी घ्यावी?

प्रत्येक लेखाचा मजकूर आणि चित्रे जुन्या पत्त्यासह जतन करावीत. काढायच्या पानाकडे आपल्याच इतर पानांवरून येणाऱ्या लिंक शोधून त्या थेट नव्या पत्त्यावर कराव्यात. रिडायरेक्ट आहे म्हणून त्या तशाच सोडल्या तर पुढच्या तपासणीत एका वळणावर दुसरे वळण चढते आणि साखळी तयार होते. स्क्रीमिंग फ्रॉगसारखे पाने धुंडाळणारे साधन विनामूल्य आवृत्तीत ५०० पत्त्यांपर्यंत हे काम करते. वस्तूंची पाने धरून संकेतस्थळ त्याहून मोठे असेल, तर लेखांचा विभाग वेगळा तपासावा. ग्राहकांना जाणाऱ्या स्वयंचलित ईमेलमध्ये आणि छापील सूचनापत्रकांवरील क्यूआर कोडमध्ये जुने पत्ते आहेत का, हे या साधनांना कळत नाही; ते स्वतः पाहावे लागते.

परिणाम कसा आणि कधी मोजावा?

सर्व बदल एकदम केले तर कशाचा परिणाम काय झाला हे कधीच कळणार नाही. आधी चुकीच्या मजकुराची दुरुस्ती करावी, मग एकत्रीकरण, आणि काढण्याचे काम शेवटी. प्रत्येक टप्प्याची तारीख तक्त्यात लिहावी आणि दोन टप्प्यांत काही आठवडे जाऊ द्यावेत. शोधयंत्राला बदललेली पाने पुन्हा वाचायला काही दिवसांपासून काही आठवडे लागतात, त्यामुळे पहिल्या आठवड्यातील चढउतारावरून काही ठरवू नये.

तुलना करताना मागील महिना न घेता मागील वर्षातील तोच काळ घ्यावा आणि एकत्र केलेल्या लेखांचे क्लिक बेरजेने पाहावेत. टायरच्या उदाहरणात नव्या लेखाचे क्लिक पहिल्या आणि दुसऱ्या लेखांच्या जुन्या बेरजेइतके तरी झाले पाहिजेत. तसे न झाल्यास कोणते शोध गळाले ते पाहावे. ७०० सी आणि २९ इंचाचेच शोध गळाले असतील, तर तो उपविभाग अपुरा आहे किंवा लेख वेगळा ठेवायला हवा होता, आणि जतन केलेल्या मजकुरामुळे तो पुन्हा उभा करता येतो. शोधातील आकड्यांबरोबर आकार चुकल्याच्या कारणाने परत येणाऱ्या टायरांची संख्या आणि लेखावरून टायर विभागात जाणाऱ्यांचे प्रमाण हेही पाहावे. क्लिक स्थिर राहून परत येणारे टायर घटले, तरी दुरुस्ती यशस्वी झाली असे मी मानेन, कारण मंदीच्या काळात परत येणारी प्रत्येक वस्तू वाहतुकीचा दुहेरी खर्च घेऊन येते.

रिडायरेक्ट किमान एक वर्ष ठेवावेत, अशी गुगलची सूचना आहे. बाहेरील संकेतस्थळांवरील लिंक आणि लोकांनी जतन केलेले पत्ते त्याहून जास्त काळ वापरात असतात, म्हणून त्यांची देखभाल जड होत नसेल तर ते काढण्याचे कारण नाही.